पाच रुपयांचा कावळा

परवा मंगळवारी संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला, माजिवड्याच्या अलीकडे, तीन अनोळखी माणसांनी एकमताने ठरवलं की मी चिंगूस आहे. मला मत विचारलं नव्हतं. मी तिघांच्या मधोमध बसलो होतो, एवढाच माझा त्या चर्चेत सहभाग.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला शेअर रिक्षाची रांग, रिक्षात मागे तिघं, मधल्या सीटवर मी. मधल्या सीटवर बसणाऱ्याला स्वतःचे हात ठेवायला जागा नसते. ते मांडीवर घडी करून ठेवायचे आणि लग्नातल्या नवरीसारखं खाली बघत बसायचं. डावीकडे एक काकू, त्यांच्या मांडीवर अळूची जुडी बाहेर डोकावणारी पिशवी. उजवीकडे साठीचे एक गृहस्थ, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, हातात डब्याची छोटी बॅग. गाडी कॅडबरी जंक्शन ओलांडून पुढे आली आणि थांबली. मेट्रोचे खांब, त्याखाली पत्रे, पत्र्यांना खेटून गाड्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि मागे वळून म्हणाला, "चला, बसल्या बसल्या पैसे काढून ठेवा."

भाडं पस्तीस. मी पन्नासची नोट दिली. तो म्हणाला, "पाच सुट्टे द्या, वीस देतो." मी म्हटलं, "नाहीत." मग त्याने दहाची नोट माझ्या हातावर टेकवली आणि पुढे बघू लागला.

"पाच राहिले," मी म्हणालो.

"सुट्टे नाहीत, साहेब. बघू नंतर."

"बघू म्हणजे?"

एवढंच. मी आवाज चढवला नाही. मी फक्त विचारलं, बघू म्हणजे काय. भाषेशी माझा पोटापाण्याचा संबंध आहे. परदेशी सिनेमा-मालिकांच्या सबटायटल्सची मराठी मी करतो, आणि 'बघू' या शब्दाचे सतरा अर्थ मला माहीत आहेत. त्यातला नेमका कुठला, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

"अहो, पाच रुपयांसाठी काय त्या बिचाऱ्याचा जीव घेताय?" काकू म्हणाल्या. मग माझ्या पलीकडे वाकून, मी जणू सीटचा उशीचा भाग आहे अशा थाटात, उजवीकडच्या मामांना म्हणाल्या, "काही काही माणसं ना, उष्ट्या हाताने कावळासुद्धा हाकायची नाहीत."

आणि मामांचा चेहरा उजळला.

"हे आमचं आहे!" ते म्हणाले. स्वच्छ मराठीत, माझ्यापेक्षा स्वच्छ. मग तमिळमध्ये, "एच्चिल कैयाल काक्का ओट्टमाट्टान! उष्ट्या हाताने कावळा हाकणार नाही. आमची आजी माटुंग्यात म्हणायची. घरमालकाबद्दल."

"तुमचं कसं? आमचं आहे. माझी सासू म्हणायची."

"कुणाबद्दल?"

"ते जाऊ दे."

"मग तुमच्याकडे आलं ते आमच्याकडून. तेलुगूत पण आहे, कन्नडात पण आहे. सगळीकडे कावळाच."

"म्हणजे सगळ्यांनी आमचं घेतलं," काकू म्हणाल्या.

मला आता कुणी विचारतच नव्हतं. मी त्या वादातला नमुना होतो. शाळेत सायन्सच्या तासाला टेबलावर बेडूक ठेवायचे, त्याचं पोट फाडायचे आणि मुलं एकमेकांशी बोलत राहायची, तसा. मामांनी तर प्रात्यक्षिकही केलं. उजव्या हाताची पाची बोटं एकत्र केली, जणू रस्सम-भात कालवलाय, आणि कावळ्याला हाकलल्यासारखा हात हवेत झटकला. हा हात माझ्या नाकावरून गेला. "बघा, जेवता जेवता कावळा आला. तुम्ही असं केलं, की बोटांना लागलेली चार शितं उडाली. कावळ्याला मिळाली. हा माणूस काय करेल?" इथे 'हा माणूस' म्हणताना त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "हा हात हलवणारच नाही. कावळा पानातलं घेऊन गेला तरी चालेल, पण बोटावरचं शीत द्यायचं नाही."

"पानातलं कसं नेऊ देईल?" काकू म्हणाल्या. "हे डाव्या हाताने हाकतील."

यावर दोघं एवढे हसले की रिक्षा हलली. ट्रॅफिक मात्र हलला नव्हता.

मग ड्रायव्हरला राहवेना. पैसे त्याने माझे ठेवले होते, पण मत द्यायचा हक्कही त्याला हवा होता. "हमारे जौनपुर में कौआ नहीं, कुत्ता बोलते हैं," तो आरशातून म्हणाला. "जूठे हाथ से कुत्ता भी न मारे. और एक है, मक्खीचूस. घी में मक्खी गिरी, तो निकाल के फेंकेगा नहीं. पहले चूसेगा."

"शी!" काकू म्हणाल्या, आणि माझ्यापासून जेवढं सरकता येईल तेवढं, म्हणजे अर्धा इंच, सरकल्या.

इथे मला, इतका अपमान चालू असतानाही, धंद्याची खाज सुटली हे कबूल करतो. कारण मामा, काकू आणि जौनपूरचा भाऊ ज्या एका गोष्टीवर उभे होते तिला इंग्रजीत धड शब्द नाही. उष्टं. मामांचं एच्चिल, कन्नडातलं एंजलु, तेलुगूतलं एंगिलि, हिंदीतलं जूठा. हाताने जेवायचं, तोंडाला लागलेला हात 'लागलेला' मानायचा, त्या हाताने दुसऱ्या कशालाही शिवायचं नाही, हा सगळा संसार त्या एका शब्दात आहे. इंग्रजी डायलॉग मराठीत आणताना मला फारसं अडत नाही. पण उलट दिशेने 'उष्टं' न्यायचं तर एक अख्खं वाक्य खर्च होतं, आणि स्क्रीनवर पात्र तोवर दार आपटून निघून गेलेलं असतं. काट्या-चमच्याने जेवणाऱ्या माणसाला ही शिवी सुचणारच नाही. काटा झटकून कावळ्याला काय मिळणार? ही शिवी स्वयंपाकघरात, पाटावर, उघड्या खिडकीशेजारी जन्माला आलेली आहे.

शिवाय कावळा म्हणजे नुसता पक्षी नव्हे. मामांच्या घरी जेवणाआधी मूठभर भात बाहेर भिंतीवर कावळ्याला ठेवायची पद्धत, ते त्यांनी सांगितलंच. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही तर अख्खं घर हात जोडून उभं राहतं आणि गेलेल्या माणसाला काहीबाही वचनं देतं. म्हणजे उष्ट्या हाताने कावळा न हाकणारा माणूस नुसता शीत वाचवत नाही, आजोबांना उपाशी ठेवतो. एवढी मोठी शिवी मला पाच रुपयांत बसली होती.

"आमच्या शेजारी एक मल्याळी सिस्टर आहेत," काकू आता गप्पांत पूर्ण रंगल्या होत्या, "त्या म्हणतात, कापलेल्या हाताला मीठसुद्धा लावणार नाही."

"वा!" मामा म्हणाले. "मीठ लावलं तर उलट झोंबेल. म्हणजे त्रास द्यायला पण खर्च करणार नाही."

मग तिघंही क्षणभर गप्प झाले, चांगलं गाणं संपल्यावर होतात तसे. त्या शांततेत काकूंनी पिशवीच्या कप्प्यातून छोटी पर्स काढली, पर्समधून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि माझ्या घडी घातलेल्या हातांवर ठेवलं. हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या. "घ्या हो. घरी मुलांना चॉकलेट न्या."

मला मुलं नाहीत. मी ते नाणं घेतलं.

का घेतलं हा प्रश्न बायकोनेही विचारला. "फेकून मारायचं होतंस" असं ती म्हणाली नाही, पण "अरे, 'नको, काकू' म्हणायला काय झालं होतं?" असं म्हणाली. मी उत्तर द्यायच्या ऐवजी अभ्यासाच्या खोलीत गेलो, कारण माझ्या डोक्यात दुसराच हिशोब सुरू झाला होता. माणसाला शिवी तीन दिशांनी येते. चिंगूस, आळशी आणि भेकड. यातली कुठली सर्वांत जास्त लागते, हे बहुधा त्याच्या भाषेवर ठरतं.

मराठीत आळशासाठी केवढी माया आहे बघा. ऐतोबा, आळशांचा राजा, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी'. त्यातला 'ऐदी' हा माझा लाडका. तो अकबराच्या फौजेतून आला. मूळ शब्द अहदी, अरबी अहद म्हणजे एक. इतर घोडेस्वार कुठल्या ना कुठल्या मनसबदाराच्या हाताखाली, पण अहदी एकटा, थेट बादशहाचा माणूस. पगार साध्या स्वारापेक्षा चांगला, मानही मोठा. बादशहाने बोलावलं की जायचं आणि नाही बोलावलं तर घरी बसायचं. आता बादशहाला रोज रोज कोण लागतो? त्यामुळे शेजाऱ्यांना दिसायचा तो ओसरीवर बसलेला, मिशा पिळणारा, फुकट पगार घेणारा अहदी. दोन-तीन पिढ्यांत शूर शिपायाचा हुद्दा आळशाचं नाव झाला. माझा अंदाज, हे नाव बादशहाने नाही, शेजारच्या काकूंनी ठेवलं असणार.

तर मराठी माणूस 'मी ना, भयंकर आळशी आहे' हे लग्नाच्या पंक्तीत हसत हसत सांगतो. 'मी बाबा भित्रा, पाळण्यात बसत नाही' हेही सांगतो. पण 'मी ना, जाम चिंगूस आहे' असं स्वतःबद्दल म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तो स्वतःला काटकसरी म्हणतो. साधी राहणी म्हणतो. 'उगाच कशाला' म्हणतो. ही माझी कसोटी आहे, आणि घरच्या घरी करून बघता येते. ज्या दोषाचं नाव माणूस स्वतःला चारचौघांत लावून घेतो, त्याची त्याला खरी भीती नाही. ज्याला टोपणनाव लागतं, तो दुखरा.

शब्द किती आहेत हे मोजण्यात मात्र अर्थ नाही. पूर्वी मीही मोजायचो. चिंगूस, चिक्कू, कद्रू, कंजूष, कवडीचुंबक, चेंगट, म्हणजे मराठी माणसाला कंजुषीचा फार तिटकारा असं मी एकदा एका कार्यक्रमात ठोकूनही दिलं होतं. टाळ्या पडल्या. पण ढीगभर शब्द म्हणजे ढीगभर विनोद, एवढंच. एका मेक्सिकन मालिकेत एक बाई नवऱ्याकडे बघत काही न बोलता नुसतं स्वतःचं कोपर दोनदा थोपटते, आणि सगळे हसतात. मला कळेना, कोपराला काय झालं. तिकडे कंजूष माणसाला कोदो म्हणतात, म्हणजे कोपर. बोलायचीही गरज नाही, नुसतं थोपटायचं. मी खाली सबटायटल टाकलं, 'चिक्कू कुठला'. फ्रेंच लोक म्हणतात, याच्या खिशात समुद्रातले काटेरी साळू आहेत, म्हणून हात आत जात नाही. आळशाला म्हणतात, याच्या तळहातावर केस उगवलाय. हे सगळं गोड आहे. ज्याला म्हणतात तोही हसतो. जिथे शिवीवर हसता येतं, तिथे भीती थोडीच असते.

खरी भीती बघायची तर शिवीनंतर काय होतं ते बघावं. मध्ययुगीन आइसलंडच्या कायद्यात तीन शब्द होते, जे एका पुरुषाने दुसऱ्याला म्हटले तर ऐकणाऱ्याला म्हणणाऱ्याचा जीव घेण्याची मुभा होती. त्यातला एक 'रागर', म्हणजे बायल्या, भेकड. चोर म्हटलं, कंजूष म्हटलं, तर दंड वगैरे काय ते बघून घेऊ. भेकड म्हटलं, तर कुऱ्हाड. तिथे कुणी रिक्षात बसून भेकडपणावर कोट्या करत नसणार.

रशियात तीच गत आळसाची. सोव्हिएत काळात 1961 साली फर्मान निघालं की जो धट्टाकट्टा असून 'समाजोपयोगी' काम करत नाही तो परोपजीवी, आणि त्याला दूरच्या मुलखात पाठवून कामाला लावता येतं. 1964 मध्ये लेनिनग्राडला जोसेफ ब्रॉडस्की नावाच्या तेवीस वर्षांच्या कवीवर हा खटला चालला. तो कविता करायचा, भाषांतरं करायचा, आणि न्यायाधीशबाईंना ते काम वाटेना. तुम्हाला कवी म्हणून कुणी नेमलं, असं त्यांनी विचारलं. पाच वर्षांची शिक्षा झाली, उत्तरेला अर्खांगेल्स्क भागात, शेतमजुरी. बाहेर ओरड झाली म्हणून दीडेक वर्षात सुटला, आणि 1987 साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. मी हे बायकोला वाचून दाखवलं. घरी बसून भाषांतरं करणाऱ्या माणसाला पाच वर्षं, म्हटलं. ती म्हणाली, "भांडी घासून घे, मग बोलू."

आणि कंजुषी? तिची खरी दहशत अरबांना. वाळवंटात वाटसरूला पाणी नि जेवण नाकारलं तर तो मरतो. तिथे कंजुषी हा स्वभावदोष नाही, जवळजवळ खून आहे. म्हणून हातिम ताईची दानतही दंतकथा होते, आणि कंजुषांचीही. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिझने तर कंजुषांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात मर्व गावच्या, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या, लोकांवर त्याचा विशेष राग. तिथला एक माणूस व्यापाराला, यात्रेला जाता-येता इराकमधल्या एका गृहस्थाकडे उतरायचा. खाणं-पिणं, दाणा-वैरण, सगळं यजमानाचं. निघताना दर वेळी म्हणायचा, "तुम्ही एकदा मर्वला या हो, मला तुमची परतफेड करायची संधी द्या." पुढे खरंच त्या इराकी माणसाला मर्वला जायचं काम निघालं. एवढ्या लांबच्या प्रवासात त्याला एकच आधार, आपला माणूस आहे तिथे. गेला, तो मर्वचा माणूस चार मित्रांत बसलेला. याने धावत जाऊन मिठी मारली. त्याच्या चेहऱ्यावर ओळखच नाही. याला वाटलं, तोंडावर फडकं आहे म्हणून. काढलं. नाही ओळखलं. पागोट्यामुळे असेल. काढलं. नाही. टोपी काढली. तेव्हा तो मर्वचा पठ्ठ्या म्हणाला, "तू कातडीतून बाहेर आलास तरी मी तुला ओळखणार नाही."

हजारेक वर्षांपूर्वीचा विनोद, आणि ऐकताना अजून पोटात खड्डा पडतो. आता आपण हेच एका विशिष्ट शहराबद्दल सांगतो. मी ठाण्याचा, तेव्हा कुठलं ते सांगायची गरज नाही. चहा घेऊन आलात की जाऊन घेणार, वगैरे. तिकडचे नातेवाईक आले की मी हे विनोद मोठ्याने सांगतो. काकूंच्या हातून पाच रुपये घेतल्यावर आता सांगवणार नाहीत बहुतेक.

इथवर आल्यावर माझा राग पुन्हा उसळला, कारण भेकडाबद्दलचे मराठी शब्द मी काढून बसलो होतो. इंग्रजी माणूस भित्र्याला कोंबडी म्हणतो. फ्रेंच म्हणतो भिजलेली कोंबडी, हिंदीत भीगी बिल्ली, जर्मन म्हणतो भीतीचा ससा. मराठीत शेळी आहे, शेळपट. पण त्यापलीकडे? भागूबाई. बायल्या. 'हातात बांगड्या भरल्यास का?' म्हणजे आपल्याला भेकड जनावर पुरेसं मिळालं नाही म्हणून बाई धरली. ही शिवी मी स्वतः दोन मालिकांत वापरलेली आहे, वेळ वाचतो म्हणून. आणि त्या रिक्षात बांगड्या कुणाच्या हातात होत्या? काकूंच्या. अनोळखी पुरुषाला तोंडावर कावळ्याची म्हण ऐकवून, वर नाणं हातात ठेवण्याइतकी छाती कुणाची होती? काकूंची. आणि भागूबाईसारखं खाली बघत नाणं कुणी घेतलं? ज्याच्या मनगटात नुसतं घड्याळ आहे त्याने. आइसलंडमध्ये असतो तर मी कुऱ्हाडही उचलली नसती, 'जाऊ दे, उगाच कशाला' म्हणालो असतो.

भांडी घासता घासता अर्जुन आठवला. लहानपणी गीतेचा दुसरा अध्याय आजोबांनी पाठ करून घेतला होता, दर श्लोकाला चार आणे. त्यात सातव्या श्लोकात अर्जुन म्हणतो, 'कार्पण्यदोषोपहतस्वभावः'. कार्पण्याच्या दोषाने माझा स्वभाव मारला गेलाय. कार्पण्य म्हणजे कृपणपणा. आणि कृपण म्हणजे आपल्याला मराठीत काय माहीत? कंजूष. तेव्हा मला वाटायचं, अर्जुन एवढा रणांगणात उभा राहून पैशांचं काय बोलतोय. पण संस्कृतात कृपण आधी दीन, बापुडा, हातपाय गाळलेला. चिक्कू हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, आणि मराठीने तेवढाच ठेवून घेतला. जो समोर उभं राहायला कचरतो त्याला, आणि जो खिशात हात घालायला कचरतो त्याला, तिथे एकच शब्द पुरतो.

म्हणून आता खरं सांगून टाकतो. बायकोलाही अजून सांगितलेलं नाही.

माझ्याकडे पाच रुपये होते. ड्रायव्हरने मागितले तेव्हाच होते. पँटच्या मागच्या खिशात, सकाळी चहावाल्याने परत दिलेलं नाणं. पण मधल्या सीटवर मागच्या खिशात हात घालायचा म्हणजे आधी डावं ढुंगण उचलायचं, त्यासाठी काकूंच्या अळूला धक्का लावायचा, 'सॉरी' म्हणायचं, मामांवर कलंडायचं. मला कंटाळा आला. निव्वळ कंटाळा. म्हणून म्हणालो, "नाहीत." तिघांनी मला चिंगूस ठरवलं तेव्हा मी ऐदी होतो, आणि हे मी त्यांना सांगू शकलो नाही, कारण त्यासाठी खोटं बोललो हे कबूल करायला लागलं असतं, आणि तेवढी हिंमत नव्हती. एका नाण्यात माझे तिन्ही दोष वसूल झाले. पैकी जो माझ्यात नव्हता, तो लोकांना दिसला.

एवढंच असतं तरी मी झोपलो असतो. पण मानपाड्याला उतरताना, काकूंच्या पिशवीवरून पाय टाकून बाहेर निघताना, माझ्या मागच्या खिशातून ते नाणं घरंगळलं आणि रिक्षाच्या पत्र्यावर पडलं. ठण्णकन. ट्रॅफिक सुटून रस्ता शांत होता तेव्हा नेमकं. काकूंनी वाकून ते उचललं. नाण्याकडे बघितलं. माझ्या मुठीकडे बघितलं, जिच्यात त्यांचं नाणं होतं. मामांनी बघितलं. ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

"असू दे," काकू म्हणाल्या, आणि दुसरं नाणंही माझ्या हातावर ठेवलं. "होतं असं."

त्या एखादी म्हण टाकतील म्हणून मी थांबलो होतो. त्यांनी टाकली नाही. म्हण टाकली असती तर बरं झालं असतं, हसून तरी घेतलं असतं. रिक्षा गेली. दोन्ही नाणी घरी चपलांच्या रॅकवर आहेत. खर्च करवत नाहीत, आणि कुणाला देणार?

काल संध्याकाळी स्टेशनला उतरलो तर रांगेत सहा-सात माणसं सोडून पुढे त्या काकू. आज पिशवीत मेथी. मी लगेच एका खांबाच्या मागे झालो, मोबाइल कानाला लावला आणि कुणाशीच "हो, हो, बोला ना" असं बोलू लागलो. पण ठाण्याच्या खांबांना मी पुरत नाही, दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. "अहो!" काकूंनी हात वर करून हाक मारली. बांगड्या इतक्या लांबून ऐकू आल्या. "या ना, दोन सीट आहेत! आज मधे मी बसते, म्हणजे तुम्हाला खिशात हात घालायला बरं."

रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही, नाही," मी म्हणालो, "मला आज बसने जायचंय. काम आहे वाटेत."

वाटेत काही काम नव्हतं. बस पस्तीस मिनिटं आली नाही, आणि आली तेव्हा उभं राहायलाही धड जागा नव्हती. कापूरबावडीपाशी कंडक्टर गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच मी एका हाताने दांडी सोडली, शेजारच्या माणसाच्या पायावर पाय दिला, एका बाईच्या पाठीला कोपर लावलं, दोघांना 'सॉरी' म्हणालो आणि मागच्या खिशातून मोजून सुट्टे पैसे काढून त्याच्यापुढे धरले.

"एवढी काय घाई?" तो म्हणाला. "पुढच्यांचं होऊ दे."